एकाच कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर आणि त्यावरच खेळ : घरच्या मशीनला काय काय लागतं

पाच-सहा मित्रांना मिळून स्वतःची खाजगी दुनिया हवी असते. भाड्याच्या सर्व्हरला दर महिन्याला पैसे घालायचे नसतात. घरात एक बऱ्यापैकी गेमिंग पीसी असतो. मग साहजिकच प्रश्न येतो, की याच पीसीवर सर्व्हर चालवून त्याच पीसीवर आपण खेळलो तर जमेल का? जमतं, आणि चांगलं जमतं. पण त्यासाठी कुठला भाग किती दमदार हवा याबद्दल बरेच गैरसमज आहेत. दुकानात गेलं की सगळे ग्राफिक्स कार्डावर बोलतात, आणि या कामात नेमका त्याचाच संबंध सगळ्यात कमी असतो.

हा लेख माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीपुरता आहे. १.२१ ची आवृत्ती, विंडोज ११, पाच ते सहा खेळाडू आणि मोड्सचा डोंगर नाही, एवढं गृहीत धरलंय. दुसऱ्या खेळांचे आकडे वेगळे असतील, पण मशीन तपासायची रीत बरीचशी हीच राहील.

आधी अडकणं ओळखायला शिका

एकाच मशीनवर दोन्ही चालतं तेव्हा खेळ तीन तऱ्हेने अडकतो. प्रत्येकाला जबाबदार भाग निराळा असतो, त्यामुळे हे न ओळखता खरेदीला गेलात तर पैसे हमखास चुकीच्या जागी जातात.

पहिली तऱ्हा अशी की फक्त तुमच्या पडद्यावरचं चित्र धक्के खातं आणि मित्रांचं सगळं सुरळीत असतं. तुमचा खेळाचा प्रोग्रॅम, म्हणजे क्लायंट, मागे पडतोय. दुसऱ्या तऱ्हेत तुमचं चित्र अगदी गुळगुळीत असतं, पण दगड फोडला की तो क्षणभर जाऊन परत जागेवर दिसतो, दार उघडायला वेळ लागतो, झोंबी जागच्या जागी थबकतात. हे सगळ्यांना एकाच वेळी होतं. इथे सर्व्हर मागे पडलाय. तिसऱ्या तऱ्हेत एखादाच मित्र मागे ओढला जातो आणि बाकीचे मजेत खेळत असतात. तिथे नेटवर्क बघायचं. सर्व्हर ज्याच्या घरी आहे तो मशीनच्या आतल्या आतच जोडलेला असतो, त्यामुळे त्याला ही तिसरी तऱ्हा कधी दिसतच नाही. मित्र तक्रार करतात आणि हा म्हणतो, "माझ्याकडं तर मस्त चाललंय." अशा वेळी मित्रांवर विश्वास ठेवावा.

माझा भाचा कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. त्याच्यासोबत खेळणारे एक शाहूपुरीतला, दोन इचलकरंजीचे, एक गडहिंग्लजचा आणि एक शिकायला पुण्यात गेलेला. त्याने मला बोलावलं तेव्हा त्याची तक्रार एका वाक्याची होती : "मामा, सगळ्यांचंच अडकायलंय बघ, प्रोसेसर बदलूया काय?" मशीन आय५ १०४०० प्रोसेसरचं, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुनी हार्डडिस्क आणि जीटीएक्स १६५० कार्ड. असं मशीन गावागावात आहे, म्हणून पुढची सगळी तपासणी त्याच्यावरच दाखवतो.

पायरी एक : रॅमचा हिशोब कागदावर मांडा

सर्व्हर आणि खेळ हे दोन वेगळे जावा प्रोग्रॅम असतात आणि दोघांनाही आपापली रॅम लागते. नवख्यांचा हिशोब इथेच चुकतो. "खेळ ८ जीबीत चालतो, मग सर्व्हरही चालेल" असं वाटतं, पण तो खेळ ८ जीबीत एकटा चालत होता.

मांडून बघू. विंडोज ११ आणि त्याची मागची कामं मिळून ३ जीबीच्या आसपास जातात. डिस्कॉर्डवर बोलणं आणि ब्राउझरच्या दोन-चार टॅब मिळून दीड जीबी. खेळाचा क्लायंट साधारण ३ जीबी. पाच-सहा जणांच्या सर्व्हरला आपण ३ जीबी देणार, पण टास्क मॅनेजरमध्ये तो साडेतीनच्या पुढे दिसेल. कारण सर्व्हर चालू करायच्या ओळीत `-Xmx3G` लिहून आपण फक्त खेळातल्या वस्तू ठेवायच्या जागेला मर्यादा घालतो. जावा स्वतःच्या कामासाठी त्याबाहेर आणखी थोडी रॅम घेतो. बेरीज ११ जीबीच्या वर गेली. म्हणजे ८ जीबीचं मशीन इथे पुरणार नाही, १६ जीबी पुरेल आणि वर थोडी मोकळीकही राहील. ३२ जीबी लागते ती मोठे मोडपॅक चालवणाऱ्यांना.

रॅम कमी पडली तर विंडोज काही बंद करत नाही. जास्तीचा माल ते डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तेव्हा परत आणतं. ती डिस्क जुनी, फिरती हार्डडिस्क असेल तर या ने-आणीत एकेक दोन-दोन सेकंद जातात, आणि तेवढा वेळ सर्व्हर जागीच उभा राहतो.

उलट बाजूचाही इशारा देतो. रॅम १६ जीबी झाली म्हणून सर्व्हरला ८ जीबी देऊ नका. त्याने सर्व्हर वेगवान होत नाही. विंडोज आणि क्लायंट मात्र उपाशी राहतात, आणि सांभाळायची जागा मोठी झाली की साफसफाईसाठी जावा घेतो ते थांबेही लांबू शकतात. पाच-सहा जणांना ३ जीबी, फार तर ४.

विकत घेण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, `Performance` मध्ये `Memory` वर जा आणि खाली उजवीकडे `Slots used` काय म्हणतंय ते वाचा. भाच्याच्या मशीनवर `1 of 2` होतं, म्हणजे एकच पट्टी बसवलेली आणि एक खाच रिकामी. अशा वेळी तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी घालावी. रॅम दुप्पट होते, शिवाय दोन पट्ट्या जोडीने काम करायला लागल्या की प्रोसेसरला माहितीही जास्त वेगाने मिळते. दुकानात जाताना जुन्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो न्या. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, खाचच वेगळी असते.

पायरी दोन : सर्व्हर उभा करा आणि त्याला बोलतं करा

नवीन काही घेण्याआधी आहे त्या मशीनवर सर्व्हर चालवून बघणं महत्त्वाचं, कारण नेमकं काय कमी पडतंय हे तोच सांगतो. मी घरच्या कामासाठी पेपर नावाचा सर्व्हर वापरायला सांगतो. तो मोफत आहे, मूळ सर्व्हरपेक्षा हलका चालतो आणि स्वतःची तब्येत आकड्यांत सांगतो. ६४-बिट जावा २१ बसवा, वेगळा फोल्डर करा, त्यात सर्व्हरची फाइल `paper.jar` नावाने ठेवा आणि शेजारी `start.bat` नावाची फाइल करून त्यात हे लिहा :

```
@echo off
java -Xms3G -Xmx3G -jar paper.jar nogui
pause
```

पहिल्यांदा चालवलं की तो लगेच थांबतो. फोल्डरमध्ये आलेल्या `eula.txt` मधल्या अटी वाचून `eula=true` करा आणि पुन्हा चालवा. शेवटचा `nogui` शब्द विसरू नका. तो नसेल तर सर्व्हर स्वतःची खिडकी आणि आलेख काढत बसतो, ज्याची आपल्याला काही गरज नाही. सर्व्हर वर आला की खेळात पत्ता म्हणून `localhost` टाकून तुम्ही आत जाता.

आता टास्क मॅनेजरच्या `Details` मध्ये जा. तिथे दोन जावा दिसतील. साधारणपणे `java.exe` हा सर्व्हर असतो आणि `javaw.exe` हा तुमचा खेळ. कोण किती खातंय हे कळायला ही खूण फार कामाची आहे, कारण पहिल्या पानावर दोघांचीही नावं जवळपास सारखीच दिसतात.

पायरी तीन : ५० मिलिसेकंदांचा नियम

माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० ठोके मारतो. एका ठोक्याला टिक म्हणतात. प्रत्येक टिकमध्ये प्राणी हलवणं, पिकं वाढवणं, रेडस्टोन चालवणं, खेळाडूंच्या हालचाली तपासणं ही सगळी कामं उरकायची असतात आणि त्यासाठी त्याला ५० मिलिसेकंद मिळतात. काम २० मिलिसेकंदांत झालं तर उरलेले ३० तो निवांत बसतो. काम ७० वर गेलं की सेकंदाला २० टिक होऊ शकत नाहीत आणि सगळी दुनिया संथ होते.

सर्व्हरच्या काळ्या खिडकीत `mspt` टाइप करून एंटर दाबा. एका टिकला किती मिलिसेकंद लागले याचे गेल्या ५ सेकंदांचे, १० सेकंदांचे आणि १ मिनिटाचे आकडे येतात, आणि प्रत्येकात सरासरी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त असे तीन भाग असतात. बहुतेक जण फक्त सरासरी बघतात. खरी गोष्ट सरासरी आणि सगळ्यात जास्त या दोन आकड्यांमधल्या अंतरात असते.

भाच्याकडे सगळे मित्र आत असताना सरासरी २० च्या आसपास होती आणि सगळ्यात जास्तचा आकडा दीड हजाराच्या पुढे जात होता. मधूनच खिडकीत अशी ओळ यायची :

```
Can't keep up! Is the server overloaded? Running 2480ms or 49 ticks behind
```

याचा अर्थ लावू. सरासरी २० म्हणजे रोजचं काम प्रोसेसर अर्ध्यापेक्षा कमी वेळात संपवतोय. तो कमजोर असता तर सरासरीच ४५-५० च्या वर राहिली असती. मधेच एखादी टिक हजारो मिलिसेकंद घेते, याचा अर्थ त्या क्षणी सर्व्हर कशाची तरी वाट बघत उभा आहे. टास्क मॅनेजरमध्ये त्याच वेळी रॅम ९४ टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसत होती. गुन्हेगार सापडला. प्रोसेसर बदलला असता तर मोठा खर्च होऊन अडकणं तसंच राहिलं असतं.

८ जीबीची दुसरी पट्टी आणि ५०० जीबीची एसएसडी बसवली, विंडोज, खेळ आणि सर्व्हरचा फोल्डर एसएसडीवर घेतला. तेवढेच खेळाडू, तेच जग. सरासरी जवळपास तीच राहिली, पण सगळ्यात जास्तचा आकडा बहुतेक वेळा ६० च्या आत आला आणि ती ओळ यायची बंद झाली. रॅम ११ जीबीच्या थोडी वर जाऊन थांबली, म्हणजे कागदावरचा हिशोब जुळला.

जुनी हार्डडिस्क फेकू नका, जगाच्या प्रती ठेवायला ती उत्तम आहे. सर्व्हर `stop` ने बंद करून `world`, `world_nether` आणि `world_the_end` हे तिन्ही फोल्डर तारखेच्या नावाने तिच्यावर टाकत जा. एसएसडी एनव्हीएमई हवी की साधी साटा, याने सर्व्हरला फारसा फरक पडत नाही. दोन्ही पुरतात.

पायरी चार : प्रोसेसर घ्यायचाच असेल तर

सरासरीच चाळीसच्या वर राहत असेल तर मात्र गोष्ट प्रोसेसरची आहे. इथे एक समजून घ्या. टिकचं मुख्य काम एकाच कोअरवर चालतं. भाकऱ्या थापणारी बाई एकच असेल तर खानावळीत चार चुली आणखी मांडल्या म्हणून पंगत लवकर उठत नाही, तसं आहे हे. म्हणून जुने आठ कोअरचे, पण एकेका कोअरला मंद असलेले प्रोसेसर स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. मूळचे ऑफिस सर्व्हरमधले जुने झिऑन प्रोसेसर बाजारात येतात. कोअर भरपूर असतात, पण या कामात ते नव्या आय३ च्याही मागे पडतात.

आपल्या कामाला एक वेगवान कोअर सर्व्हरच्या मुख्य कामासाठी, एक-दोन खेळासाठी आणि दोन-तीन नव्या प्रदेशाची बांधणी, विंडोज, डिस्कॉर्ड यांसाठी लागतात. म्हणून सहा कोअरचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर नेमका बसतो. इंटेलचा आय५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे दोन्ही पाच-सहा जणांना सहज पेलतात. चार कोअरचा आय३ १२१०० सुद्धा चालतो, फक्त सोबत पडद्याचं रेकॉर्डिंग करायचं नाही. मोठे-लहान असे दोन प्रकारचे कोअर असलेला नवा इंटेल असेल, तर खाली झाकून ठेवलेली सर्व्हरची खिडकी विंडोज कधी कधी लहान कोअरवर ढकलतं. `mspt` विनाकारण वाढलेला दिसला तर `Details` मध्ये `java.exe` वर उजवं क्लिक करून `Set priority` मधून `Above normal` निवडा. सर्व्हर पुन्हा चालू केला की हे पुन्हा करावं लागतं. `Realtime` कधीच निवडू नका, माउससुद्धा अडकेल.

पैसे घालण्याआधी दोन आकडे मात्र जरूर खाली आणा. `server.properties` उघडून असं करा :

```
view-distance=7
simulation-distance=5
max-players=8
white-list=true
```

सर्व्हर पुन्हा चालू केला की हे लागू होतं. शेवटच्या ओळीमुळे यादीतल्यांनाच आत येता येतं, म्हणून खिडकीत `whitelist add` आणि पुढे खेळातलं नाव टाकून स्वतःसकट सगळ्यांना यादीत घाला. पहिल्या दोन ओळींचं गणित वर्गाचं आहे. `view-distance` १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक लागतात. चंक म्हणजे १६ गुणिले १६ ठोकळ्यांचा जमिनीचा तुकडा. ७ केलं की १५ गुणिले १५, म्हणजे २२५. एकदम निम्मं ओझं उतरलं, आणि पडद्यावर दूरचे डोंगर थोडे जवळ संपतात एवढाच तोटा. `simulation-distance` म्हणजे किती अंतरापर्यंत पिकं वाढतील आणि प्राणी हलतील. तिथे ५ केलं की माणशी १२१ चंक होतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते. सहाही जण एकाच गावात घरं बांधत असतील तर त्यांचे चंक एकमेकांवर येतात आणि ओझं एका खेळाडूपेक्षा थोडंच जास्त पडतं. सहा जण सहा दिशांना पांगले की ओझं खरोखर सहापट होतं. म्हणून मशीनची परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना पांगायला सांगून मग `mspt` बघा.

पायरी पाच : नवा प्रदेश रात्रीच बांधून ठेवा

रॅम झाली, एसएसडी झाली, तरी एक तक्रार उरतेच. एखादा मित्र एलिट्रा लावून अनोळखी प्रदेशावर उडत सुटला की तुमचा पडदा धक्के खायला लागतो. तो उडतो आणि त्रास तुम्हाला होतो. कारण आधी कोणी न पाहिलेला प्रदेश सर्व्हरला त्याच क्षणी घडवावा लागतो, आणि हे काम, मुख्य टिकसारखं नसून, बरेच कोअर एकदम वापरतं. तुमच्या खेळाचे कोअरही त्यातच ओढले जातात. वेगळ्या मशीनवरच्या सर्व्हरमध्ये हा त्रास खेळणाऱ्याला जाणवत नाही. खेळ आणि सर्व्हर एकाच मशीनवर असण्याची खरी किंमत इथे मोजावी लागते.

उपाय फुकट आहे. चंकी नावाचा प्लगइन `plugins` फोल्डरमध्ये टाका, सर्व्हर पुन्हा चालू करा आणि कोणी खेळत नसताना खिडकीत हे टाइप करा :

```
chunky world world
chunky center 0 0
chunky radius 2000
chunky start
```

मध्यापासून चारही बाजूंना २००० ठोकळे म्हणजे ४००० गुणिले ४००० चा चौरस. एक चंक १६ ठोकळ्यांचा, म्हणून २५० गुणिले २५०, एकूण ६२,५०० चंक होतात. सेकंदाला ५० चंक या वेगाने हे काम वीस-एकवीस मिनिटांत संपतं. मशीन मंद असेल तर तासभर धरा. किती टक्के झालं आणि किती वेळ उरलाय हे तो खिडकीत दाखवत राहतो. संपलं की `worldborder set 4000` देऊन जगाला तेवढंच कुंपण घाला, म्हणजे कोणी बांधलेल्या भागाबाहेर जाणार नाही. पुढे जागा कमी पडली तर मोठा आकडा घेऊन हेच पुन्हा करायचं.

तुमच्या स्वतःच्या खेळातही एक बदल करा. `Video Settings` मध्ये `Max Framerate` बहुतेकांचा मोकळा सोडलेला असतो. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो ६० वर बांधा. पडदा दाखवूच शकत नाही अशी शंभर-दीडशे चित्रं काढण्यात जाणारी ताकद वाचते आणि सर्व्हरला मिळते.

ग्राफिक्स कार्डाचं इथेच सांगून टाकतो : सर्व्हर ते वापरतच नाही. तुम्हाला एकट्याने खेळायला जे कार्ड पुरत होतं तेच पुरेल.

पायरी सहा : वायर आणि बाहेरचा पत्ता

पीसी राउटरला वायफायने नव्हे, लॅन केबलने जोडा. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची साधी केबल पुरते. वायफायवर तुमचं बरं चालतं, कारण तुम्ही मशीनच्या आत आहात, पण बाहेरून येणारा प्रत्येक मित्र त्याच वायफायमधून येतो आणि शेजाऱ्याच्या राउटरमुळे होणारा अडथळा सगळ्यांच्या वाट्याला येतो.

स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बघू नका, अपलोड बघा. माणशी १ एमबीपीएस अपलोड धरला तर भरपूर होतो. साध्या फायबर कनेक्शनलाही हे जड नाही, फक्त त्याच वेळी घरात कोणी मोबाइलवरचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवत नसावं.

खरी अडचण वेगळी येते. राउटरच्या पानावर `WAN IP` काय आहे ते बघा. तो `100.64` ते `100.127` मध्ये सुरू होत असेल, किंवा ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधल्यावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर इंटरनेट कंपनीने तुम्हाला इतर ग्राहकांसोबत एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. मग राउटरमध्ये `25565` पोर्ट कितीही उघडला तरी मित्र आत येणार नाहीत. नवा राउटर घेऊनही काही होत नाही. कंपनीकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा टेलस्केल, झीरोटियर असं खाजगी नेटवर्क सगळ्यांच्या मशीनवर बसवा. ओळखीच्याच पाच-सहा जणांसाठी दुसरा मार्ग मला जास्त पटतो, कारण घराचं दार जगाला उघडावंच लागत नाही. पत्ते जुळत असतील तर राउटरमध्ये पीसीचा आतला आयपी कायम करा आणि `25565` टीसीपी त्याच्याकडे वळवा. पण मग `white-list=true` आणि `online-mode=true` याला पर्याय नाही.

पायरी सात : पावसाळ्यातली वीज

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पावसाने झोडपलं की वीज ये-जा करते. एकट्याने खेळताना वीज गेली तर फार तर काही मिनिटांची मेहनत जाते. सर्व्हर फाइल लिहीत असताना गेली तर जग साठवलेल्या `.mca` फाइलमधले चंक बिघडू शकतात आणि सगळ्यांनी मिळून बांधलेल्या घराच्या जागी कापल्यासारखा चौकोनी प्रदेश उगवतो. म्हणून यूपीएस हा सर्व्हरचाच भाग समजा.

जीटीएक्स १६५० सारखं छोटं कार्ड असलेला पीसी खेळताना पडद्यासकट २०० वॉटच्या आसपास घेतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत पेलतो आणि अशा मशीनला काही मिनिटं देतो. तेवढ्यात खेळातून बाहेर यायचं, खिडकीत `stop` टाइप करायचं आणि सर्व्हर पूर्ण बंद होईपर्यंत थांबायचं. मोठं कार्ड असेल तर १००० व्हीए घ्या, नाहीतर भार न पेलून यूपीएस वीज गेल्याबरोबरच बंद पडेल. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवायचा असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडवर अदलाबदलीला लागणाऱ्या वेळात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस लावलात तर तुमच्या पीसीच्या यूपीएसवर त्याचं ओझं येत नाही. पॉवर सेटिंगमध्ये `Sleep` ला `Never` करा. तुम्ही जेवायला उठलात आणि पीसी झोपला की मित्रही बाहेर फेकले जातात.

लॅपटॉपवाल्यांना एक खास सूचना. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान चालून मग `mspt` हळूहळू चढत गेला, तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा `Speed` बघा. ४ गिगाहर्ट्झवरून तो अडीचच्या खाली उतरला असेल तर मशीन तापून स्वतःला आवरतंय. एप्रिल-मेमध्ये हे हमखास होतं. मागची बाजू उचलून हवा खेळती ठेवा, जाळ्या साफ करून घ्या, शेडर बंद करा आणि चार्जर लावूनच चालवा. बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी ठेवतात.

कुठवर ताणायचं

सहा कोअर, १६ जीबी आणि एसएसडी यांवर पाच-सहा, फार तर आठ जण आरामात खेळतात. दहाच्या पुढे गेलात, दीडशे मोड्सचा पॅक आणलात, किंवा तुम्ही झोपल्यावरही मित्रांना खेळायचंय असं झालं, तर एकाच मशीनवर आणखी पैसे घालू नका. रिकामा बसलेला गेमिंग पीसीही ७० वॉट खातो असं धरलं तर चोवीस तासांत दीड युनिटपेक्षा जास्त होतात. त्यापेक्षा ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा आय५ असलेला छोटा पीसी, ८ जीबी रॅम आणि २५० जीबीची एसएसडी सर्व्हरला बाजूला काढून द्या. त्याला कार्ड नको, पडदाही नको. बॅटरी धड असलेला जुना लॅपटॉप मिळाला तर यूपीएसचं कामही आपोआप होतं.

हलवणंही सोपं आहे. सर्व्हर `stop` करा, अख्खा फोल्डर नव्या मशीनवर कॉपी करा, तिथे जावा २१ बसवा, `start.bat` चालवा. राउटरमध्ये पोर्ट आता त्या मशीनच्या पत्त्याकडे वळवा, किंवा टेलस्केल वापरत असाल तर त्या मशीनवर ते बसवून मित्रांना नवा पत्ता द्या. तुमच्या खेळात `localhost` च्या जागी त्या मशीनचा आतला आयपी टाका, म्हणजे `192.168.1.20` असं काहीतरी. जग जिथे सोडलं होतं तिथूनच चालू होतं.